हक्काच्याच कामाला चहापाणी दिलं तर बिघडलं कुठे?

«वडील मार्चमध्ये गेले. घरात आई, मी आणि लग्न झालेली बहीण. सव्वादोन एकर जमीन आहे. वारस नोंदीचे सगळे कागद दिलेत. तलाठी कार्यालयात बसणारा मदतनीस म्हणतो, तीन हजार द्या, आठ दिवसांत नोंद करून देतो, नाहीतर नंबराने या. पीककर्ज आईच्या नावावर करायचंय, म्हणून घाई. मी काही चुकीचं करून मागत नाही, हक्काचंच काम आहे. कायद्याने गुन्हा आहे हे ठाऊक आहे. पण नैतिकदृष्ट्या यात खरंच चूक काय? नुकसान तर माझंच होतंय ना?»

मी महसूल खात्यात एकतीस वर्षं काढली. तलाठी म्हणून लागलो, मंडळ अधिकारी, म्हणजे लोकांच्या भाषेत सर्कल, म्हणून निवृत्त झालो. हा व्यवहार मी टेबलाच्या पलीकडून पाहिलाय, आणि सुरुवातीच्या काळात स्वतः घेतलंही आहे. त्यामुळे उपदेश करायचा अधिकार मला नाही. पण तीन हजारांत नेमकं काय विकलं जातं, ते मला माहीत आहे.

आधी 'आठ दिवसांत' हे शब्द तपासू. वारस नोंद आठ दिवसांत कायदेशीरपणे मंजूर होऊच शकत नाही. अर्ज आधी वारस नोंदवहीत, म्हणजे गाव नमुना ६-क मध्ये जातो. तिथे वारस कोण ते चौकशीने ठरतं. मग फेरफार नोंदवहीत, नमुना ६ मध्ये नोंद धरली जाते आणि हितसंबंधितांना नोटीस निघते. त्या नोटिशीपासून पंधरा दिवस हरकतीसाठी ठेवलेले असतात. हरकत आली नाही तर सर्कल नोंद प्रमाणित करतो, आणि तेव्हा सातबाऱ्यावर नावं चढतात. हे पंधरा दिवस तलाठ्याच्या हातात नाहीत, सर्कलच्या नाहीत आणि तहसीलदारांच्याही नाहीत. म्हणजे तो मदतनीस जे विकतोय त्यातला अर्धा माल त्याच्याकडे नाहीच. फार तर आठ दिवसांत तो तुमचा अर्ज ढिगातून काढून नोंद 'धरायला' लावेल. मंजुरी पुढे महिन्याभराने व्हायची ती होईलच, आणि तुम्हाला वाटेल तीन हजारांनी झाली.

आता तो ढीग. मी तलाठी असताना टेबलावर अर्जांचे तीन गठ्ठे असायचे. कागद अपुरे असलेल्यांचा एक, कागद पुरे असलेल्यांचा दुसरा, आणि तिसरा असाच. त्या तिसऱ्यातल्या अर्जांच्या उजव्या कोपऱ्यात वरती पेन्सिलने बारीक टिंब असायचं. टिंब म्हणजे 'भेटून गेलेत'. हे मी शोधून काढलं नव्हतं. ज्यांच्याकडून सजेचा, म्हणजे एका तलाठ्याकडे असलेल्या गावांचा, चार्ज घेतला त्यांच्याकडून दप्तरासोबत आलं. मंगळवारी आणि शुक्रवारी नोंदी लिहायला बसलो की आधी टिंबवाले, मग वेळ उरला तर दुसरा गठ्ठा. वेळ उरायचा का? अगदी खरं सांगायचं तर उरायचा. एका वारस नोंदीला वहीत लिहायला वीस मिनिटं लागत. दोन्ही गठ्ठे एका बैठकीत संपले असते. पण दुसरा गठ्ठा संपवून टाकला असता, तर तिसऱ्याला किंमत काय राहिली असती?

हे मी तेव्हा स्वतःशीही असं मांडलं नव्हतं. नंतर, बऱ्याच वर्षांनी, संथानम समितीच्या अहवालाबद्दल वाचलं. केंद्र सरकारने नेमलेली भ्रष्टाचार प्रतिबंधक समिती, अहवाल १९६४ चा. त्यात 'स्पीड मनी' हाच शब्द आहे, आणि म्हटलंय की हा पैसा दिरंगाईवरचा उपाय न राहता दिरंगाईचंच एक मोठं कारण होऊन बसलाय. माझ्या जन्माच्या आसपासचा तो कागद, आणि त्यात माझ्या टेबलावरचा दुसरा गठ्ठा जसाच्या तसा!

तुमच्या प्रश्नातला धागा इथे सुटतो. 'नुकसान माझंच होतंय' असं तुम्ही म्हणता. तुमचे तीन हजार जातील, हे खरं. पण तुमचा अर्ज वर आला की कुणाचा तरी खाली जातो, आणि तो माणूस तुम्हाला दिसत नाही. मला दिसायचा. दुसऱ्या गठ्ठ्यात कोण होतं सांगू? ऊसतोडीला जाऊन आलेली एक विधवा, तिला एका खेपेला एक दिवसाचा रोज बुडवून यावं लागायचं, ती चार वेळा आली. पुण्यात कंपनीत कामाला असलेला मुलगा टिंबवाल्या गठ्ठ्यात होता, कारण त्याला रजा नव्हती आणि पाचशे रुपये त्याला जड नव्हते. त्याने कुणाचं वाईट चिंतलं नव्हतं. पण दर त्याने ठरवला. पुढे तोच दर त्या बाईला सांगितला गेला. जो सहज देऊ शकतो तो भाव ठरवतो, आणि ज्याला परवडत नाही त्याने एक तर तोच भाव भरायचा, नाहीतर हेलपाटे मारायचे. चिरीमिरीतली जी नैतिक चूक मला सर्वांत जड वाटते ती हीच.

आता यात परिस्थितीनुसार काय बदलतं, तेही सांगतो. सगळी चिरीमिरी एका तागडीत घालणारे लोक बहुधा कधी सरकारी कचेरीत उभे राहिलेले नसतात.

एक प्रकार असा, की तुमचं रोखून धरलंय आणि वेळ काढायला जागाच नाही. शवविच्छेदन झालंय, प्रेत ताब्यात मिळत नाही, बाहेर नातेवाईक ताटकळलेत आणि कुणीतरी दोनशे मागतोय. तिथे ज्याने दिले त्याला मी काही बोलणार नाही. ती लाच देणं नाही, लुबाडलं जाणं आहे. दुसरा प्रकार तुमचा: काम होणार आहे, तुम्हाला ते आधी हवंय. तिथे तुम्ही थोडे लुबाडले जाता आणि थोडे रांग मोडता, दोन्ही एकदम. तिसऱ्यात काम नियमात बसतच नाही आणि पैसा ते बसवतो. तिथे देणारा आणि घेणारा भागीदारच असतात.

कागदावर हे तीन वेगळे दिसतात. प्रत्यक्षात दुसऱ्यातून तिसऱ्यात माणूस कधी घसरतो ते त्याला कळत नाही. माझ्या हातून घडलेलं एक सांगतो. गाव आणि नावं सोडून देतो.

१९९० च्या दशकाचा शेवट. हाताने नोंदी लिहायचे दिवस. एक शेतकरी वारले. दोन मुलगे आले, मृत्यूचा दाखला, वारसांचं प्रतिज्ञापत्र, सगळं व्यवस्थित. सोसायटीचं कर्ज नवंजुनं करायचं होतं, मार्चअखेर जवळ आलेली. 'भाऊसाहेब, तेवढं लवकर करा,' म्हणून पाचशे रुपये ठेवले. काम हक्काचंच होतं, अगदी तुमच्यासारखं. मी नोंद धरली आणि नोटिशीवर मागची, बावीस दिवसांपूर्वीची तारीख टाकली. म्हणजे कागदावर पंधरा दिवस होऊनही गेले. कोतवालाने चावडीवर नोटीस चिकटवल्याचा शेरा लिहिला. ती चिकटवली नव्हती, दप्तरातच होती. त्या वेळच्या सर्कलने आठवड्याच्या दौऱ्यात सही केली. पाच दिवसांत सातबारा हातात. मुलांनी पेढेही आणले.

त्यांना एक बहीण होती. लग्न होऊन पलीकडच्या तालुक्यात दिलेली. प्रतिज्ञापत्रात तिचं नाव नव्हतं. मी विचारलं नाही. एरवी विचारायचो, अगदी नेमाने: 'बहिणी किती?' हा माझा पहिला प्रश्न असे. त्या दिवशी पाकीट आधी आलं आणि प्रश्न मागे राहिला. मुलगी ही वडिलांची वारस असते हे काही नवीन नव्हतं, १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यापासून ती पहिल्या वर्गातली वारस आहेच. मला ते पाठ होतं.

ती दोन वर्षांनी आली, नवऱ्याशी पटेना म्हणून माहेरी परतल्यावर. तोवर एका भावाने रस्त्याकडेची पंचवीस गुंठे विकली होती. फेरफाराविरुद्ध प्रांताधिकाऱ्यांकडे अपील करायची मुदत साठ दिवसांची. ती कधीच उलटली होती. विलंब माफीचा अर्ज, वकील, तारखा. फेरफाराने मालकी जात नाही, तो महसुली कागद आहे, तिचा हिस्सा कायद्याने शाबूत होता. पण शाबूत असलेला हिस्सा मिळवायला तिला दिवाणी कोर्टात दावा लावावा लागला. माझ्यासमोर बसून ती एवढंच म्हणाली, 'नोटीस लागली असती तर कुणीतरी सांगितलं असतं हो मला.'

तेव्हा मला कळलं की मी विकलं काय होतं. मी वेग विकला असं मला वाटत होतं. मुळात ते पंधरा दिवस तिचे होते. कायद्याने ते त्या माणसासाठी ठेवलेत ज्याला घरातलं कुणी विचारत नाही. त्या मुलांना मी जे पाचशेला दिलं ते माझं नव्हतंच, त्यांचंही नव्हतं. आणि गंमत अशी, की त्या दोघांनीही 'चुकीचं काही करून द्या' असं म्हटलं नव्हतं. 'लवकर करा' एवढंच म्हणाले होते.

आता ऑनलाइन फेरफारात मागची तारीख टाकायची सोय फारशी राहिलेली नाही, हे चांगलं झालं. पण नोटीस खरोखर पोचली का, चौकशीत वारस नीट विचारले का, हे आजही माणसाच्या हातात आहे. पैसे घेतलेला माणूस चौकशी करत नाही. पैसे देणाऱ्याने आणलेल्या कागदात त्रुटी काढायला त्याला तोंड उरत नाही.

इथे एक दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर मी खात्यालाच राक्षस ठरवतोय असं वाटेल. तुम्ही ज्याला मदतनीस म्हणता त्याला आम्ही 'झिरो तलाठी' म्हणायचो. तो सरकारी नोकर नसतो, त्याला पगार सरकार देत नाही. एकेका तलाठ्याकडे दोन-तीन गावांचा, कधी शेजारच्या सजेचाही भार असतो. निवडणूक, पंचनामे, पीक पाहणी, अनुदानाच्या याद्या, सगळं त्याच्याच डोक्यावर. म्हणून तो खाजगी माणूस ठेवतो, आणि त्याचा पगार तुमच्या तीन हजारांतून निघतो. शाई, कागद, साहेबांच्या दौऱ्याचं जेवण हेही बऱ्याचदा त्यातूनच. मी हे सबब म्हणून सांगत नाही, कारण या सगळ्यावर खर्च करूनही पैसे उरायचे आणि ते आमच्या घरी जायचे. पण लाच घेणारा स्वतःला चोर का समजत नाही, ते यातून समजेल. 'मी काय घरी नेतो' असं म्हणायची सोय त्याला रोज असते. देणारा म्हणतो 'हक्काचंच काम', घेणारा म्हणतो 'खर्चच भागवतो'. दोघंही अर्धं खरं बोलतात आणि व्यवहार पुरा होतो.

कौशिक बसूंनी २०११ मध्ये, केंद्राचे मुख्य आर्थिक सल्लागार असताना, तुमच्यासारखाच विचार मांडला होता. हक्काच्या कामासाठी ज्याला लाच द्यावी लागते त्याला गुन्हेगार धरू नये, म्हणजे तो काम झाल्यावर निर्धास्तपणे तक्रार करेल आणि घेणाऱ्याला धाक बसेल. विचार चांगला आहे. पण गावात तो का चालेलसा वाटत नाही, सांगतो. तलाठ्याशी तुमचं एकच काम नसतं. पुढच्या वर्षी गारपीट झाली तर पंचनाम्याला तोच येणार, अनुदानाच्या यादीत नाव तोच घालणार. पुष्कळ लोक तीन हजार देतात ते या नोंदीसाठी नाही, त्या न झालेल्या पंचनाम्यासाठी. तुमच्याही मनात ती भीती असेल तर ती आधी स्वतःशी कबूल करा. मग 'फक्त लवकर हवंय' हे कारण उरत नाही. भीती खोटी नाही, पण तिच्यावर पैसे हे औषध नाही, कारण एकदा देणारा म्हणून नाव झालं की पंचनाम्यालाही तुमच्याकडेच आधी बघितलं जातं.

कायद्याचं तुम्हाला ठाऊक आहे म्हणता, तरी एक गोष्ट बहुतेकांना माहीत नसते. २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणंही गुन्हा आहे. मात्र सक्तीने द्यावी लागली आणि सात दिवसांत पोलीस किंवा लाचलुचपत खात्याला कळवलं, तर देणारा त्यातून सुटतो. आधी तक्रार करायची तर १०६४ वर फोन. ते मागणीची पडताळणी करतात, पंचांसमोर सापळा लावतात, आणि सापळ्यात गेलेली रक्कम तक्रारदाराला परत मिळते. तीन हजारांसाठी एखाद्याची नोकरी घालवायला तुमचं मन होत नसेल, तर ते मला समजतं. माझेच दोन सहकारी असे गेले, त्यांच्या घरचे हाल मी पाहिलेत. सापळा लावणं हे तुमचं कर्तव्यच आहे असं मी म्हणणार नाही. पण 'द्या किंवा पकडून द्या' एवढे दोनच रस्ते नसतात.

तुमच्या जागी मी असतो तर असं केलं असतं. हाती दिलेल्या अर्जाची पोच आहे का ते पाहिलं असतं. नसेल तर ई-हक्क या महसूल खात्याच्या ऑनलाइन प्रणालीवर अर्ज पुन्हा भरला असता, कारण तिथे अर्ज क्रमांक मिळतो आणि 'तुमचा अर्ज सापडत नाही' हे वाक्य बंद होतं. मग त्या मदतनिसाला टाळून थेट तलाठ्यांना, शांतपणे, आवाज न चढवता म्हटलं असतं, 'भाऊसाहेब, कागदात काही कमी असेल तर लेखी त्रुटी द्या, मी पूर्ण करतो.' पैशाचा विषय काढायचा नाही, 'तुमच्या माणसाने मागितले' असंही म्हणायचं नाही. माझ्या अनुभवात लेखी त्रुटी मागणाऱ्याचा अर्ज दहापैकी सहा-सात वेळा तिथेच हलतो. लेखी द्यायला कारण लागतं, आणि पुरे कागद असलेल्या अर्जात कारण सापडत नाही.

त्यानंतर दोन आठवडे थांबून 'आपली चावडी' या खात्याच्या संकेतस्थळावर गावाचं नाव घालून पाहा. नोंद धरली असेल तर फेरफार क्रमांक आणि नोटिशीची तारीख तिथे दिसते. दिसली, की पंधरा दिवस मोजा आणि सोळाव्या दिवसानंतर सर्कलकडे जा. दिसली नाही, तर माहिती अधिकारात दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून एकच प्रश्न विचारा: 'माझा अर्ज क्रमांक अमुक, तो कोणत्या तारखेपासून कोणाकडे प्रलंबित आहे?' उत्तराची मुदत तीस दिवस. मी सर्कल असताना असा अर्ज आला की आम्ही आधी मूळ काम उरकायचो आणि मग उत्तर लिहायचो. 'माझ्याकडे, अमुक तारखेपासून' हे स्वतःच्या सहीने लिहून द्यायला कुणाला आवडतं?

यात दोन-अडीच महिने जाऊ शकतात, ते लपवत नाही. सावकाराचं व्याज चढत असेल, आईचं आजारपण असेल, तर तुमचं गणित वेगळं. ते तुम्हीच मांडा. कुणी परक्याने, त्यातही पेन्शन घेणाऱ्या माझ्यासारख्याने, मांडू नये. पण पीककर्जासाठी घाई असेल तर आधी बँकेत किंवा सोसायटीत विचारा की फेरफार प्रलंबित असल्याचा कागद आणि वारसांची संमती यावर ते काय करू शकतात. बऱ्याच घाया तिथेच निम्म्या होतात. आणि रोज बुडवून खेपा घालायची वेळ तुमच्यावर येत नसेल, पगारी नोकरी असेल, फोनवरून चौकशी करता येत असेल, तर नाही म्हणणं तुम्हाला त्या ऊसतोडीवाल्या बाईपेक्षा कितीतरी स्वस्त पडतं. तिने दिले तर मी तिला दोष देणार नाही. तुम्ही दिलेत तर थोडा देईन.

काम झाल्यावर खुशीने दिलं तर? हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण पुढे येईल. पेढे द्या, सगळ्या कार्यालयाला द्या, रांगेतल्या लोकांनाही द्या. पाकीट देऊ नका. ते पुढच्या माणसाच्या अर्जावरचं टिंब होतं.

आणि एक राहिलं. तुमच्या अर्जात वारस म्हणून तिघांचीही नावं आहेत ना? आई, तुम्ही आणि बहीण? बहिणीला हिस्सा नको असेल तर तिने नंतर नोंदणीकृत हक्कसोडपत्र करावं, तो तिचा प्रश्न. पण वारस नोंदीत तिचं नाव आधी यायला हवं. नोटीस निघाली की तिच्या सासरच्या पत्त्यावर पोचली का, ते तुम्ही स्वतः फोन करून विचारा.